कागदावर लिहिलंय 'दोन एसी दिवसा चालतील', चालत मात्र नाहीत

प्रश्न : कोटेशनमध्ये 'दीड टनाचे दोन एसी दिवसभर सोलरवर चालतील' असं लिहून कंत्राटदाराने 3 किलोवॅटचं पॅनल, 5 केव्हीएचा इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी बसवली. दुसरा एसी लावला की इन्व्हर्टर ट्रिप होतो. झालाच चालू, तर दुपारी तीनपर्यंत सगळंच बंद पडतं. तो म्हणतो, पॅनलमध्ये दोष नाही, तुमचे एसी जुने. केस करता येईल का?

उत्तर : येईल. मात्र 'पॅनल सदोष आहे' अशी तक्रार करू नका. पॅनल तपासणीत पास होईल आणि तुमचा मुद्दाच बुडेल. इथे माल बरा आहे, आखणी चुकली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ही सेवेतील त्रुटी ठरते, आणि कोटेशनमधलं ते वाक्य तुमचा मुख्य पुरावा.

आखणी कशी चुकली ते आकड्यांत दाखवा. जुना, फिक्स्ड स्पीडचा दीड टनी एसी साधारण पावणेदोन किलोवॅट खातो, म्हणजे दोघांचे साडेतीन. 3 किलोवॅटचं पॅनल तापलेल्या छतावर भर दुपारीही सव्वादोन-अडीचच देतं. उरलेला भार बॅटरीवर येतो आणि ती लवकर रिकामी होते. ऊन उतरायला लागतं तेव्हा खोल्या सर्वांत जास्त तापलेल्या असतात. त्यामुळे तिथे 5-6 किलोवॅट पॅनल लागलं असतं.

ट्रिप होण्याचं कारण निराळं आहे. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढतो, म्हणजे सुमारे 8 केव्हीए. असे इन्व्हर्टर बहुधा काही सेकंद दुप्पट भार सोसतात. पहिला एसी चालू असताना दुसऱ्याचा हा झटका 10 केव्हीएच्या अगदी काठावर जातो. सुरुवातीचा हा झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला असता तर कदाचित भागलं असतं. पॅनलचा आणि इन्व्हर्टरचा असे दोन मुद्दे तक्रारीत वेगळे मांडा. एकत्र केलेत तर विरोधी वकील एकाचं उत्तर देऊन दोन्ही झटकेल.

'एसी जुने' हा बचाव मला लंगडा वाटतो. पाहणीला आला असेल, तर प्लेटवरचा करंट वाचणं त्याचं काम होतं. मात्र एसी तुम्ही नंतर बदलले असतील किंवा इन्व्हर्टर एसी घेणार असं सांगितलं असेल, तर बाजू कमकुवत होते. हे मला खरं सांगा.

आता एसीच्या प्लेटचे फोटो, ट्रिप होतानाचा व्हिडिओ, एरर कोड आणि अ‍ॅपमधली तासवार नोंद जपून ठेवा. स्वतंत्र इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरचं रीडिंग लिहून घ्या. तपासणी होईपर्यंत स्वतःहून काही बदलू नका. मग लेखी नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत ठेवा : वाढीव पॅनल आणि योग्य इन्व्हर्टर बसवा, नाहीतर पैसे परत करा. दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि 'बघतो, करतो' या आश्वासनांनी ती लांबेल असं धरून चालू नका.