ओईटी लिसनिंग, भाग अ: रिकाम्या जागा भरताना

ओईटी ही आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. तिच्या लिसनिंगच्या भाग अ मध्ये पेशंटशी झालेली दोन संभाषणं असतात, प्रत्येकी साधारण 5 मिनिटांची, आणि दोन्ही मिळून 24 रिकाम्या जागा. ऑडिओ एकदाच वाजतो. प्रत्येक संभाषणाच्या सुरुवातीला छापलेल्या नोट्स वाचायला 30 सेकंद मिळतात, त्यात सगळं वाचत बसू नका. मथळे बघा आणि प्रत्येक जागेच्या आधीचा-नंतरचा शब्द बघा. तिथे लक्षण हवंय, औषध हवंय की कालावधी, हे त्यावरून कळतं. उत्तरं ऑडिओच्याच क्रमाने येतात.

खरी गफलत होते ती पेशंट स्वतःचं बोलणं बदलतो तेव्हा. समजा नोटमध्ये 'वेदनेचं स्वरूप' अशी जागा आहे. पेशंट म्हणतो, "आधी शार्प वाटायचं, पण आता डल दुखणंच जास्त आहे." शार्प ऐकताच लिहून मोकळे झालात तर मार्क गेला. पण जागेशेजारी 'सुरुवातीला' असं छापलं असेल, तर शार्पच बरोबर. म्हणून शेजारचे शब्द सोडू नका.

ऐकलेला शब्द तसाच लिहा, त्याला वैद्यकीय पर्याय शोधू नका. नर्सिंगवाल्यांकडून हे फार होतं: पेशंट 'टिंगलिंग' म्हणतो, आणि कागदावर 'नम्बनेस' उतरतं. अर्थच बदलला! स्पेलिंग थोडं चुकलं तरी शब्द ओळखू येत असेल तर सहसा चालतं.

सल्ला आणि फॉलोअप बहुधा शेवटी येतात. आधीची एखादी जागा निसटली असेल तर ती तशीच सोडा. तिच्यात अडकलात, की 'सहा आठवड्यांनी पुन्हा या' हे वाक्य कानावरून निघून जातं.