फेअरमधे अडकलेल्या प्रश्नाचं उत्तर मेलमधे

सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आकुर्डीला राहतो. काल शनिवारी आमच्या कॉलेजात करिअर फेअर झाला. चाकणच्या एका कंपनीच्या टेबलवर टूलिंगमधल्या एक मॅडम होत्या, माझ्या ड्रिलिंग फिक्स्चरच्या प्रोजेक्टवर सात-आठ मिनिटं बोलल्या. त्यांनी विचारलं, पार्ट दर वेळी त्याच जागी बसतो हे कसं चेक केलं? मी म्हटलं डायल लावून. त्या म्हणाल्या, किती वेळा? मी म्हटलं एकदा. त्या हसल्या. मग त्यांच्याकडेही एका लाइनवर पार्ट उलटा बसून रिजेक्शन गेलं होतं असं सांगितलं, कार्ड दिलं आणि पोर्टलवर फॉर्म भर म्हणाल्या. फॉर्म भरला. आता मेल करू का? ‘थँक यू फॉर युअर व्हॅल्युएबल टाइम’ वगैरे लिहून ठेवलाय, पण धीर होत नाही, मी तर तिथेच चुकलो ना.

– एक विद्यार्थी, आकुर्डी

कर की मेल. फक्त तो लिहून ठेवलेला आधी डिलीट कर.

मी स्वतः भोसरीत बरीच वर्षं नोकरी केली आणि अशा फेअरना टेबलाच्या पलीकडे बसलोय, म्हणून तिकडून काय दिसतं ते सांगतो. सकाळी दहापासून मुलं येतात, दुपारपर्यंत रेझ्युमेंचा ढीग होतो, सगळ्यांचे प्रोजेक्ट दोन-तीन प्रकारचेच, आणि चारनंतर आपण कोणाशी काय बोललो ते डोक्यात पार मिसळून जातं. मी रेझ्युमेच्या कोपऱ्यात पेनाने दोन शब्द लिहायचो, ‘गिअरबॉक्स, बरा’ असं काहीतरी. नाव आठवत नाही, चेहरा अर्धवट आठवतो, पण बोलण्यातला एखादा तुकडा मात्र राहतो. तुझ्या मॅडमच्या डोक्यात तू आत्ता ‘एकदाच डायल लावलेला मुलगा’ आहेस. तुला ही चूक वाटतेय पण खरं सांगू का, त्या दिवशी त्यांना लक्षात राहिलेल्या चार-पाच पोरांत तू असशील तर तो याच उत्तरामुळे. खोटं ‘दहा वेळा’ म्हणाला असतास तर पुढचा प्रश्न ‘स्प्रेड किती आला’ हा होता आणि तिथे खरंच फसला असतास.

तर मेल या एकाच गोष्टीवर लिहायचा. आभार, कंपनीचं कौतुक, लहानपणापासूनची ऑटोमोबाइलची आवड, हे काही नको. तो मेल शेजारच्या टेबलवाल्याला नाव बदलून पाठवता आला असता आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं.

आता गंमत अशी की त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून तुझ्याकडे नाहीये, पण ते मिळवायला फार तर तासभर लागेल. उद्या सोमवारी कॉलेजच्या वर्कशॉपमधे जा, असिस्टंट काकांकडून डायल आणि मॅग्नेटिक स्टँड माग. पार्ट फिक्स्चरमधे बसव, क्लॅम्प कर, डायलचं टोक पार्टच्या एका फेसला टेकवून शून्य सेट कर. मग टोक बाजूला घे, क्लॅम्प सोड, पार्ट पूर्ण बाहेर काढ, परत बसव, क्लॅम्प कर, रीडिंग लिही. असं दहा वेळा. स्टँडला मधे हात लावायचा नाही, आणि क्लॅम्प दर वेळी सारखाच आवळायचा, नाहीतर तू फिक्स्चर नाही स्वतःचं मनगट मोजतोयस. शेवटी सगळ्यात मोठ्या रीडिंगमधून सगळ्यात लहान वजा केलं की झाला स्प्रेड.

समजा डायलवरची एक रेघ 0.01 मिमी आहे आणि रेघांमधे रीडिंग आले 0, 1, 2, 1, 6, 2, 1, 2, 0, 1. स्प्रेड 0.06. ते सहा खटकतंय ना? तेव्हा तो पार्ट काढून रेस्ट पॅडवर बोट फिरवून बघायचं, बहुतेक वेळा तिथे बारीक चिप चिकटलेली सापडते. पुसून परत दहा रीडिंग घेतले आणि स्प्रेड 0.02 वर आला तर कारण सापडलं. पण रीडिंग एकाच दिशेने हळूहळू सरकत असतील, 0, 1, 2, 3, 4 असे, तर पार्टला दोष देऊ नकोस, आधी स्टँड ढिला आहे का बघ. हे आकडे मी उदाहरण म्हणून घेतलेत, तुझे येतील तेच मेलमधे टाकायचे, वाईट आले तर वाईट. 0.06 हा वाईट की चांगला हे ड्रॉइंगवरून ठरतं. भोकाच्या जागेला ±0.1 दिलं असेल म्हणजे एकूण 0.2, तर त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसतं पार्ट बसवण्यातच गेला. टूलिंगमधल्या माणसाला हे वाक्य दिसलं की तो मेल शेवटपर्यंत वाचतो.

मेल इंग्रजीतच लिही, तिकडे तीच पद्धत आहे, पण मजकूर साधारण असा, आणि लांबी एवढीच:

‘नमस्कार मॅडम, शनिवारी फेअरमधे ड्रिलिंग फिक्स्चरबद्दल तुमच्याशी बोललेला मेकॅनिकलचा विद्यार्थी. पार्ट पुन्हा त्याच जागी बसतो का हे मी किती वेळा तपासलं असं तुम्ही विचारलं होतं आणि माझं उत्तर ‘एकदा’ होतं. काल पार्ट काढून-बसवून दहा रीडिंग घेतले, स्प्रेड 0.06 मिमी आला. एका रेस्ट पॅडवर चिप होती, पुसल्यावर पुन्हा दहा घेतले, 0.02 आला. आता पॅडभोवती चिप निसटायला खाच द्यायचा विचार आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पोर्टलवर फॉर्म भरलाय, अर्ज क्रमांक अमुक. माझा रेझ्युमे टूलिंग टीममधे ट्रेनी भरती बघणाऱ्यांकडे पुढे पाठवता येईल का?’

खाली नाव, कॉलेज, मोबाइल. संपलं. ‘सॉरी’ कुठेच नाही बघ, ‘माझं उत्तर एकदा होतं’ एवढ्यात येतं ते. शेवटचा प्रश्नही मुद्दाम तसा आहे. ‘मला संधी द्या’ याला त्या बिचाऱ्या काय उत्तर देणार, भरती बहुधा एचआर करतं, त्यांच्या एकटीच्या हातात नसतं. पण पुढे पाठवणं हातात असतं, एक क्लिक आहे. आणि पुढे जाणारा मेल जसाच्या तसा जातो, म्हणून वर अर्ज क्रमांक हवा, नाहीतर एचआरवाला पोर्टलवर तुझं नाव शोधत बसणार नाही.

पुढे जाणार म्हणूनच अजून एक, आणि हे पोरांच्या लक्षात येत नाही. त्यांच्या लाइनवरच्या रिजेक्शनचं जे बोलल्या ते मेलमधे एका शब्दाने आणायचं नाही. तुला वाटेल, तोच तर खास मुद्दा, मी नीट ऐकलं हे दिसेल. पण त्या ते समोरासमोर ओघात बोलल्या, आणि तोच मेल त्यांच्या साहेबाकडे गेला की बाहेरच्या पोराला आपल्या लाइनचं रिजेक्शन कोणी सांगितलं असा प्रश्न उभा राहतो. एकदा एका मुलाने मला मेलमधे लिहिलं होतं, ‘तुम्ही म्हणालात तुमचा सप्लायर त्रास देतो’. पोरगा चांगला होता, पण मला तो मेल पुढे पाठवताच आला नाही. उलट्या पार्टचा विषय तुझ्या डोक्यात घोळत असेल तर तुझ्या स्वतःच्या फिक्स्चरमधे पार्ट उलटा बसूच नये म्हणून पिन कुठे टाकशील ते काढून ठेव. इंटरव्ह्यूत कामाला येईल.

विषयाच्या ओळीत ‘रिगार्डिंग जॉब’ नको. ‘शनिवारचा फेअर, ड्रिलिंग फिक्स्चर, दहा रीडिंग’ असं काहीतरी टाक म्हणजे उघडायच्या आधीच ओळख पटते. सोबत रेझ्युमे एकच पीडीएफ, फाइलच्या नावात तुझं नाव आणि ब्रँच. `resume_final_new2.pdf` मी शेकड्याने बघितल्यात, डाउनलोड केल्यावर कोणाची कुठली ते कळत नाही. रीडिंगचा तक्ता जोडायचा मोह होईल, नको जोडूस, त्यांनी मागितला तर दे.

कधी पाठवायचा तर मंगळवारी सकाळी दहाच्या आसपास, शॉपवरची सकाळची मीटिंग उरकलेली असते. सोमवारी सकाळी पाठवला तर शनिवार-रविवारच्या मेलच्या ढिगात जाईल आणि तसेही तुझे रीडिंग झालेले नसतील. बुधवार संध्याकाळ मात्र टाळ, आपल्या पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, चाकणला सगळीकडे तसं नाही पण तुला या कंपनीचं माहीत नाहीये. आठवडाभर लांबवलंस तर मग त्या ‘एकदा’वर हसल्या होत्या हेही विसरतील.

पाठवायच्या आधी एकच परवानगी घे, तुमच्या प्लेसमेंट सेलची. बऱ्याच कॉलेजात नियम असतो की कॅम्पसला येणाऱ्या कंपनीशी मुलांनी परस्पर बोलायचं नाही, आणि तो मोडला तर प्लेसमेंटमधून बाहेर काढतात. फेअरमधे त्यांनी स्वतः कार्ड दिलंय म्हणजे अडचण येऊ नये, पण टीपीओ सरांना सोमवारी वर्कशॉपला जाता जाता दोन मिनिटं भेटून सांग. ते सीसीत ठेव म्हणाले तर ठेव. आणि कार्डवर मोबाइल नंबर असला तरी व्हॉट्सॲप नाही करायचं, तो नंबर व्हेंडर लोकांसाठी असतो.

उत्तर नाही आलं तर पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी. त्यातही नवीन काहीतरी असू दे, खाच दिल्यावर काय फरक पडला वगैरे. ‘जेंटल रिमाइंडर’ हे शब्द नकोत, ते पेमेंट अडकलेल्या लोकांचे आहेत. त्यानंतर तिसरा मेल नाही.

आणि उत्तर आलं तर बहुतेक ते ‘फॉरवर्डेड’ एवढं एका शब्दाचं असेल, किंवा मग परत प्रश्नच येईल, कूलंट चालू असताना रीडिंग घेतले का, असा काहीतरी. नसतील घेतले तर त्याच दिवशी ‘नाही घेतले’ असं लिही, आणि पुन्हा वर्कशॉप कधी मिळणार तो वार टाक.