एका ऑर्डरचा माल तीन खेपेत, बिल कसं करू?

प्रश्न: तारकंपाउंडच्या ५०० सिमेंट खांबांची ऑर्डर आहे, माल खेपेखेपेनं जाते, बिल एकदमच फाडू का?

भाऊ, एकदम नका फाडू. जीएसटीत माल निघाच्या आधी किंवा निघताना बिल करा लागते, म्हणून जेवढे खांब ट्रॅक्टरवर चढले तेवढ्याचंच बिल, आणि दर बिलावर तोच ऑर्डर नंबर पायजेच. समजा पहिल्या खेपेत २०० गेले, बाकी ३००. दुसऱ्या खेपेत १८०, बाकी १२०. पण उतरवताना ६ फुटले अन् गिऱ्हाईकानं चलानवर १७४ मिळाले असं लिहून दिलं, तर जुनं बिल खोडू नका, ६ ची क्रेडिट नोट काढा, ते बदलून द्यायचे असतील तर बाकी १२० नाही, १२६ धरा. इथंच लय लोकायचा हिशेब चुकते.

टॅलीत आधी सेल्स ऑर्डर टाका, मंग बिल करताना ऑर्डर नंबर निवडाच, नुसतं हातानं बिल टाकलं तर माल जाऊनही ऑर्डर उघडीच दिसते. अॅडव्हान्स घेतला असन तर तो पहिल्याच बिलात पूर्ण वळता करू नका, खांबांच्या हिशेबानं दर बिलात थोडा थोडा वजा करा, म्हणजे शेवटच्या खेपेपर्यंत तुमचा पैसा अडकत नाही.