लग्नातली अर्कचित्रं : तासाला किती चेहरे?

पेन्सिलीने पोर्ट्रेट करतो. एका चेहऱ्याला वीस मिनिटं लागतात, साम्यही चांगलं येतं. पण लग्नात पाच मिनिटांत काढून हवं असतं. हात एवढा वेगात कसा चालवायचा? (कोल्हापूर)

हाताचा वेग बहुतेकांचा पुरेसा असतो. वेळ जातो तो दुसरीकडेच. मोबाइल वर टांगून स्वतःच्या हाताचं वीस मिनिटांचं चित्रण करा आणि घड्याळ घेऊन बघा. मी माझं पाहिलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळ खोडण्यात, आणि आधी काढलेलीच रेघ पुन्हा गिरवण्यात गेला होता. म्हणजे कमी करायचे ते निर्णय, रेघांचा वेग नव्हे.

त्यासाठी आधी खोडरबर घरी ठेवा. पहिला आठवडा फिक्या निळ्या पेन्सिलीने फक्त तीन खुणा करायच्या: डोक्याचा माथा, डोळ्यांची रेघ, हनुवटी. मग थेट ब्रशपेन. दुसऱ्या आठवड्यापासून त्या खुणाही नकोत.

माणूस खुर्चीत बसला की पहिले वीस सेकंद कागदाला हात लावू नका. स्वतःला एकच प्रश्न विचारा: याला एसटी स्टँडवर घ्यायला कुणाला पाठवायचं असेल, तर फोनवर मी काय सांगेन? ‘भुवया एकमेकींना चिकटलेल्या आहेत, आणि हसला की डोळे दिसतच नाहीत.’ झालं, हेच तुमचं चित्र. बाकी सगळं त्याच्या सेवेला. फोनवर सांगायला काही सापडत नसेल, तर माणसाला बोलतं करा, हसवा. गप्प बसलेला चेहरा सगळ्यांचाच सारखा असतो.

आता क्रम. पोर्ट्रेटवाले आधी डोक्याचा अंडाकार काढतात आणि नंतर त्यात डोळे-नाक बसवतात. पेनने काढताना हे उलटं करा. आधी डोळे आणि नाक, मग ओठ, मग जबडा, शेवटी केस आणि कान. कारण सरळ आहे. डोळ्यांमधलं अंतर चुकून जास्त पडलं, तर जबडा तेवढाच रुंद करून चूक पोटात घालता येते. बाह्यरेषा आधी ओढून बसलात, तर ती चूक मिटवायला जागाच उरत नाही. केस एक एक काढू नका, काळा गोळा भरा आणि त्यात दोन-तीन पांढऱ्या फटी सोडा. दातही वेगवेगळे नकोत, एक पांढरी पट्टी पुरते. वेगळे काढलेले दात माणसाला दहा वर्षांनी म्हातारा करतात.

धड पाठ असावं. नऊवारी, शेला, फेटा, शेरवानी, ब्लेझर अशी पाच-सहा धडं डोळे मिटून काढता आली पाहिजेत, म्हणजे सगळी मिनिटं चेहऱ्याला मिळतात.

सराव रोज पंधरा चेहऱ्यांचा. पहिल्या आठवड्यात आठ मिनिटांचा गजर, मग दर आठवड्याला एक मिनिट कमी. गजर वाजला की थांबायचं, चित्र अर्धं असलं तरी. अर्ध्या चित्रांच्या गठ्ठ्यात दिसतं तुम्ही कुठे रेंगाळता ते. माझी सगळी मिनिटं एकाच डोळ्यात अडकलेली असायची. फोटोवरून सराव पहिले चार दिवस ठीक आहे, नंतर चहाच्या टपरीवर जा. फोटो मान हलवत नाही, चावत नाही, मागे वळून ‘काय रे, आलास का’ म्हणत नाही. लग्नातला माणूस हे सगळं पाच मिनिटांत करतो.

कसोटी अशी: ओळखीच्या दहा जणांची चित्रं नाव न लिहिता दुसऱ्या दिवशी घरच्यांना दाखवा. सात बिनचूक ओळखली गेली, तर सुपारी घ्यायला हरकत नाही.

कोळशात काढलेली पोर्ट्रेट जास्त ‘भारी’ दिसतात. लग्नात तेच का देऊ नये? (नाशिक)

पैठण्यांमुळे. कोळशाची पूड फिक्सेटिव्हचा स्प्रे मारूनही बोटांना लागते, आणि ते चित्र ज्या हातात जातं तोच हात पुढच्या क्षणी पदर सावरतो. शिवाय गर्दीत स्प्रेचा वास कुणालाच नको असतो. कोळशातलं पोर्ट्रेट घरून, फोटोवरून, फ्रेमसकट विका. मांडवात पेन आणि फार तर एक करडा मार्कर.

शाईची एक गोष्ट मात्र आधी तपासा. डिसेंबरात उघड्या लॉनवर रात्री नऊनंतर दव पडतं, कागद ओलसर होतो आणि रेघेला मिशा फुटतात. कागदाचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा आणि एकेकच बाहेर काढायचा. चार्जिंगचा चिमट्याचा दिवाही न्या. डीजेच्या जांभळ्या उजेडात नाकाची बाजूच दिसत नाही.

दर नगाप्रमाणे सांगावा की तासाप्रमाणे? एका यजमानांनी ‘चित्राला दीडशे घ्या, पाहुणे खूप आहेत’ असं म्हटलंय. (सातारा)

लग्नात तासाप्रमाणे, जत्रेत चेहऱ्याप्रमाणे. आणि दोन्हीकडे कागद मोजू नका, चेहरे मोजा.

माझ्याच एका रिसेप्शनचा हिशेब मांडतो. वेळ सात ते दहा, पाहुणे साडेतीनशे. तीन तास म्हणजे १८० मिनिटं, त्यातली १५ पाणी पिण्यात आणि बोटं मोकळी करण्यात जातात. उरली १६५. एका चेहऱ्याला पाच मिनिटं आणि माणूस उठून दुसरा बसायला एक, अशी सहा धरली तर २७ चेहरे होतात. पण लग्नात लोक जोडीने बसतात. त्या दिवशी आठ जोडपी आणि अकरा एकटे आले. चेहरे सत्तावीसच, पण कागद एकोणीस. यजमान कागद मोजत होते, आणि त्यांनी मनात ‘तीसेक तरी’ धरले होते. चूक माझी. आधी बोललो होतो ते ‘चित्रं’, चेहरे नव्हे.

आता तुमचे दीडशे बघा. २७ चेहऱ्यांचे ४०५० रुपये झाले, तेही खुर्ची एकदाही रिकामी राहिली नाही तर. पहिला पाऊण तास तर बऱ्याचदा कुणी येतच नाही, सगळे नवरा-नवरीच्या स्टेजपुढच्या रांगेत असतात. तो रिकामा वेळ नगाच्या दरात तुमच्या खिशातून जातो. मी तासाला ३००० घेतो, म्हणजे त्या संध्याकाळचे ९०००, प्रवास वेगळा. तुम्ही नवे असाल तर आकडा खाली आणा, पण पद्धत हीच ठेवा. तीन तासांच्या कामात जाणं-येणं आणि मांडामांड धरून सात तास जातात, दर ठरवताना ते सातच्या सात डोळ्यांपुढे असू द्या.

फोनवर यजमानांना हे एवढंच सांगा: तासाला नऊ-दहा चेहरे होतील, साडेतीनशेंपैकी बहुतेकांना चित्र मिळणार नाही, ज्यांना नक्की द्यायचं त्यांची नावं आधी द्या. मग क्रमांक घातलेल्या २५ चिठ्ठ्या करा आणि संपल्या की संपल्या. हे केलं नाही, तर दहा वाजता समोर बारा माणसं उभी असतात आणि त्यात नवऱ्या मुलाची आत्या असतेच. निम्मे पैसे तारीख पक्की करताना घ्या, उरलेले पहिलं चित्र काढण्यापूर्वी. वरमाय-वरबाप निघाले की हिशेब कुणाकडे करायचा हे कार्यालयात कुणालाच माहीत नसतं.

वेळही तुम्हीच सुचवा. सकाळचा मुहूर्त असेल तर अर्कचित्रकाराचं तिथे काही काम नाही: अक्षता पडेपर्यंत कुणी बसत नाही, अक्षता पडल्या की सगळे जेवणाकडे. संगीत किंवा संध्याकाळचं रिसेप्शन, तेवढंच घ्या.

एका काकूंनी त्यांचं चित्र पाहून घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि पुढे बोलल्याच नाहीत. अर्कचित्र म्हटल्यावर काहीतरी वाढवावंच लागणार ना? (पुणे)

वाढवायचं, पण जे माणूस मिरवतो तेच. मिशा, झुबकेदार केस, मोठा चष्मा, गालावरची खळी, खळखळून हसणं. जे तो लपवतो ते नाही. काय लपवतो हे खुर्चीत बसतानाच कळतं. कुणी हनुवटी वर करून बसतं, कुणी पदर गळ्यापर्यंत ओढतं, कुणी ओठ मिटूनच हसतं. एकदा मी दुहेरी हनुवटी अगदी मजेत काढली होती, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या भाच्या हसल्या. चित्र साम्याने उत्तम होतं. ते त्या बाईंनी खुर्चीवरच ठेवलं. टक्कल, वजन आणि रंग यांना जत्रेतही हात लावत नाही, माणूस स्वतः म्हणेपर्यंत. ‘चष्मा ठेवू की काढू?’ एवढं विचारलं तरी समोरचा सैलावतो.

जत्रेत किंवा प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का? आणि लग्नाची पहिली सुपारी मिळवायची कुठून? (ठाणे)

स्टॉलचं गणित घरीच करा. समजा तीन दिवसांचं भाडं ६००० आहे, चेहऱ्याला २५० घेता, कागद आणि प्लास्टिकच्या पाकिटाचे १५ जातात. म्हणजे पहिले २६ चेहरे नुसते भाड्याचे. खरी गर्दी संध्याकाळी पाच ते नऊ. रोज दहा चेहरे झाले तर तीन दिवसांत हातात हजारभर उरतात, रोज वीस झाले तर आठ हजार. दहाच होतील असं वाटत असेल तर शेजारच्याबरोबर अर्धा स्टॉल वाटून घ्या.

बसण्याची दिशा फार महत्त्वाची. तुमची पाठ गर्दीकडे, गिऱ्हाइकाचं तोंड तुमच्याकडे. लोकांना चेहरा आणि कागद एकाच नजरेत दिसला की ते थांबतात. मी पहिल्या जत्रेत उलटा बसलो होतो आणि लोक माझं टक्कल पाहून पुढे जात होते. रिकामी खुर्ची दिसू देऊ नका. कुणी नसेल तर शेजारच्या लोणचेवाल्यांना बसवा आणि त्यांचं चित्र त्यांच्याच बरण्यांपाशी टांगा. पैसे चित्र काढण्याआधी घ्या, क्यूआर कोड खुर्चीसमोरच लावा.

लग्नाची सुपारी सहसा आधीच्याच एखाद्या समारंभातून येते. एकदा कुणा नातेवाइकाकडच्या साखरपुड्यात फुकट बसा, पण एकच तास, आणि तिथल्या फोटोग्राफरचं चित्र सगळ्यात आधी काढा. तारखा त्याच्याकडे असतात. डेकोरेटर आणि कार्यालयाचे व्यवस्थापक यांच्याकडे पाच-सहा नमुने ठेवा, त्यांत एक जोडपं आणि एक लहान मूल हवंच. काम इव्हेंटवाल्यांमार्फत आलं असेल तर कागदामागे तुमचा फोन नंबर छापण्यापूर्वी त्यांना विचारा. बहुतेकांना ते चालत नाही, आणि न विचारता छापलात तर ते काम शेवटचं ठरतं. तिथे नुसती सही ठेवा.

मुहूर्त ठरावीकच असल्याने एका तारखेला चार फोन येतात आणि पुढचे दहा दिवस एकही नाही. गावातल्या दोन-तीन अर्कचित्रकारांशी जमवून घ्या, तुमची तारीख गेलेली असेल तर काम त्यांना द्या, तेही देतात. चातुर्मासात मात्र सगळेच रिकामे. तेव्हा मी तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांसाठी जोडप्यांची अर्कचित्रं फोटोवरून काढून ठेवतो. पत्रिका काढली त्या घरातून रिसेप्शनसाठी फोन येतोच असं नाही, पण दर सांगताना घासाघीस कमी होते.