दूरस्थ सहकाऱ्याचे कौतुक: दोन मिनिटांत नेमके काय बोलावे?

प्रश्न: आमच्या टीममधील एक सहकारी दुसऱ्या गावाहून काम करते. सोमवारच्या बैठकीत तिच्या कामाबद्दल दोन मिनिटे बोलायचे आहे. "छान काम केले" याच्या पुढे काय बोलावे, ते सुचत नाही.

उत्तर: घाई न करता बोलल्यास दोन मिनिटांत साधारण दोनशे ते सव्वादोनशे शब्द होतात. एवढ्यात एका कामाची हकीकत नीट सांगून होते, वर्षभराच्या कामांची यादी होत नाही. म्हणून एकच प्रसंग निवडा, आणि तोही असा की ज्यात कोणी न सांगता तिने स्वतः काहीतरी ठरवले होते. शेजारच्या खुर्चीवरील माणसाची धडपड इतरांना येता-जाता दिसते. दूर बसलेल्या माणसाकडून फक्त तयार काम येते आणि त्यामागे काय विचार झाला होता, हे कोणालाच कळत नाही. तुम्हाला सांगायचा आहे तो हा विचार.

आमचा गट पुण्यात पगाराचे सॉफ्टवेअर सांभाळतो आणि चाचणीचे काम करणारी सहकारी सावंतवाडीला असते. तिच्याबद्दल बोलण्यापूर्वी मी तिने सॉफ्टवेअरमधील एका चुकीची नोंद म्हणून लिहिलेले तिकीट पुन्हा वाचले आणि लेखा विभागातील एकाला फोन करून, चूक तशीच राहिली असती तर काय झाले असते, हे विचारून घेतले. बैठकीत तिचे नाव पहिल्याच वाक्यात घेतले (ते येथे गाळतो) आणि पुढे साधारण असे बोललो:

"डिसेंबरमध्ये आपण नव्या सॉफ्टवेअरवर नोव्हेंबरचा पगार काढून पाहिला, जुन्याशी पैन् पै जुळला, आणि चाचणी झाली असं आपण धरून चाललो. तिनं मात्र गेल्या फेब्रुवारीचा पगारही काढून पाहिला. कारण तिकिटात तिनंच लिहिलंय: व्यवसाय कर एरवी महिन्याला २०० रुपये कापला जातो, पण वर्षाचे २५०० भरावेत म्हणून फेब्रुवारीत ३०० कापावे लागतात. नवं सॉफ्टवेअर तेव्हाही २००च कापत होतं. हे आत्ता सापडलं नसतं, तर लेखा विभागाला मार्चमध्ये प्रत्येकाच्या पगारातून उरलेले शंभर रुपये वसूल करत बसावं लागलं असतं, आणि त्याबद्दलचे सगळे फोन आपल्यालाच आले असते. तिनं फेब्रुवारीची ही तपासणी आपल्या कायमच्या यादीत घातली आहे. दुरुस्ती इथल्या दोघांनी एका दिवसात केली, त्यांचेही आभार. पण काय दुरुस्त करायचं, हे तिच्यामुळे कळलं."

हे सव्वा मिनिटाच्या आसपास होते. उरलेला वेळ इतरांसाठी ठेवावा. यात मेहनती, प्रामाणिक, तत्पर यांसारखे एकही विशेषण नाही आणि त्याची उणीवही कोणाला जाणवली नाही. "इतक्या लांब असूनही" हे शब्द मी मुद्दाम टाळले, कारण त्यातून दूर राहणे हा जणू तिचा दोष आहे आणि आपण तो पोटात घालतो आहोत, असा सूर निघतो. रात्री जागून केलेल्या कामाचे कौतुकही जपून करावे, नाहीतर पुढच्या वेळी तीच अपेक्षा होऊन बसते. तिच्या गावच्या नेटवर्कवरील विनोद तर नकोच.

आदल्या दिवशी तिला कळवून ठेवा. हा प्रसंग सर्वांसमोर सांगितलेला चालेल का, हे विचारा आणि तपशील तिच्याकडून तपासून घ्या. काहींना असे कौतुक अवघड वाटते, त्यांच्याबाबत लेखी पत्रच बरे. बोलून झाल्यावर "आता तूही दोन शब्द बोल" असा आग्रह धरू नये.

बैठकीच्या खोलीतील एक अडचण मात्र हमखास येते. बैठकीच्या सॉफ्टवेअरमधील गोंगाट गाळणारी सोय टाळ्यांनाही गोंगाट समजते. त्यामुळे तुम्ही सगळे टाळ्या वाजवता आणि तिला पडद्यावर नुसते हलणारे हात दिसतात. त्याऐवजी, तिच्या कामाचा ज्याला प्रत्यक्ष उपयोग झाला, अशा एकाला आधीच सांगून ठेवा आणि त्याला माइकजवळ येऊन एक वाक्य बोलू द्या. आमच्याकडे दुरुस्ती करणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "तिकिटात पगारपत्रकाची ओळसुद्धा दाखवली होती, त्यामुळे मला शोधावं लागलं नाही." ती मोकळेपणाने हसली ती या वाक्यावर. तुम्ही स्वतःही लॅपटॉपपासून दूर उभे राहून बोलू नका आणि तिचे नाव घेताना खोलीकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहा. हा विषय बैठकीच्या सुरुवातीला घ्यावा, कारण शेवटी लोकांचे लक्ष दाराकडे असते.

त्याच दिवशी तोच मजकूर तिकिटाच्या क्रमांकासह तिला ईमेलने पाठवा आणि तिचे वार्षिक मूल्यमापन ज्यांच्याकडे आहे, त्यांना त्याची प्रत द्या.