अप्रेंटिसशिपनंतर कायम नोकरी आणि भत्ते: ईमेलमध्ये काय विचारावे?

“मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. चाकणच्या प्लांटमधून एक वर्षाच्या अप्रेंटिसशिपची ऑफर आली आहे. पुढे कायम करतील का, भत्ते मिळतील का, हे एचआरला कसे विचारू?”

“कायम करणार का?” असे विचारल्यास बहुधा “कामगिरीनुसार पाहू” एवढेच उत्तर येते. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम २२ नुसार भरतीचे धोरण कंपनीने स्वतः ठरवायचे असते. मात्र प्रशिक्षणानंतर तिथेच नोकरी करण्याची अट करारात असेल, तर योग्य नोकरी देऊ करणे कंपनीवर बंधनकारक ठरते. म्हणून धोरण आणि करार यांविषयीच विचारावे:

“महोदया, प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारांच्या भरतीबाबत कंपनीचे धोरण काय आहे आणि करारात कलम २२(२) प्रमाणे अट आहे का, हे कृपया कळवावे. विद्यावेतनाव्यतिरिक्त कॅन्टीन, बस व रात्रपाळी भत्ता मिळतो का, तेही कळवावे.”

पत्रात “पगार” हा शब्द टाळावा, कारण कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. “प्रशिक्षणानंतर ट्रेनी म्हणून घेऊ” असे उत्तर आल्यास ट्रेनीचा कालावधी लेखी विचारावा. अनेकांची फसगत इथेच होते, कारण ट्रेनी म्हणजे कायम नव्हे.