विद्राव्य तंतू की चोथा?

"आहारतज्ज्ञ बाईंनी कोलेस्टेरॉलसाठी 'विद्राव्य तंतू वाढवा' असं लिहून दिलंय. तंतू म्हणजे धागा, तो विरघळणार कसा? आपला साधा 'चोथा' काय वाईट होता?" – एक वाचक, कोथरूड, पुणे

चोथा हा शब्द मलाही आवडतो, पण तो अर्ध्याच फायबरला, म्हणजे बाईंच्या 'तंतूं'ना, लागू पडतो. नारळाचं दूध पिळून काढल्यावर फडक्यात उरतो तो चोथा, म्हणजे पाण्याला न जुमानणारा भाग. गव्हाचा कोंडा, घेवड्याच्या शिरा हे त्याच जातीचे, अविद्राव्य. भेंडी चिरताना जी तार सुटते तिला मात्र कुणी चोथा म्हणणार नाही, आणि तीही फायबरच.

घरी दोन पेले पाणी घ्या. एकात चमचाभर कोंडा टाका, दुसऱ्यात चमचाभर इसबगोल. दहा मिनिटांनी कोंडा भिजून तळाशी बसलेला दिसेल. इसबगोल मात्र फुगून पेल्यातल्या पाण्याची खळ करून टाकेल. (इसबगोल हा शब्द फारसी, अस्प म्हणजे घोडा. बीचा आकार घोड्याच्या कानासारखा, म्हणून ते नाव, असं सांगतात.)

कोलेस्टेरॉलवर काम करते ती ही खळ. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती चरबी पचवायला आतड्यात येतात आणि काम झालं की बहुतेक सगळी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषली जातात. खळीत अडकलेली पित्ताम्लं मात्र परत न जाता मळावाटे निघून जातात. मग नवी बनवण्यासाठी यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. इसबगोलातून रोज ७ ग्रॅम किंवा ओट्स-जवातून ३ ग्रॅम विद्राव्य तंतू पोटात गेले, तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. औषधाची जागा घेण्याइतकं हे नाही.

कोंड्याने हे होत नाही. तो मळाला आकारमान देतो आणि आतड्याला डिवचून पाणी सोडायला लावतो, त्यामुळे मळ लवकर पुढे सरकतो. त्यासाठी तो जाडसर हवा. अगदी बारीक दळलेला कोंडा उलट मळ घट्ट करू शकतो.

आता माझी 'विद्राव्य' या शब्दावरची तक्रार. इन्युलिन नावाचं फायबर पाण्यात साखरेसारखं विरघळतं, म्हणजे नावाला जागतं. पण त्याची खळ होत नाही आणि एलडीएलही फारसं हलत नाही. इसबगोल नीट विरघळतही नाही, नुसतं फुगतं, आणि गुण त्याचाच येतो. म्हणजे कसोटी विरघळण्याची नाही, बुळबुळीतपणाची आहे. मला विचाराल तर बाईंच्या कागदावर 'बुळबुळीत तंतू' हवं होतं, पण ते छापायला कोण धजावणार!

इसबगोल घेताना पेलाभर पाणी हवंच. कोरडं गिळलं तर घशातच फुगून अडकतं. आणि इतर गोळ्या दोन तास आधी घ्या, कारण खळ त्यांनाही धरून ठेवते.